रोजचे तीन रुपये आणि दादाची सही

दौंड, ३ फेब्रुवारी १९६३

श्री. दानिएल मास्तर, मिशन शाळा, शिरूर, यांना दौंडच्या दयाबाईचा सलाम.

इकडे सगळं ठीक आहे. तुम्ही आणि मार्था वहिनी बरे असाल असं धरून चालते, कारण नाताळ होऊन महिना उलटला तरी तुमचं कार्ड नाही. मीही पाठवलं नाही, म्हणजे फिट्टंफाट झाली.

दुकान छान चाललंय. चहा, साबण, काड्यापेट्या, गूळ, कंदिलाच्या काचा, सगळं ठेवते. रेल्वे क्वार्टर्समधली निम्मी माणसं माझ्याकडंच येतात. तुमचे मेहुणे शलमोन अजून रनिंग रूममध्येच इंजिनवाल्यांचा स्वयंपाक करतात, अजून हंगामीच आहेत, आणि अजून घरी आल्यावर मीठ कमी म्हणून माझ्याच आमटीला नावं ठेवतात.

एक बारीक काम होतं. तुमच्या शाळेकडून तुमच्या पगाराचा दाखला हवा. नोकरी कायम आहे, पगार इतका इतका, एवढंच हेडमास्तरांच्या सहीनं. साधा कागद आहे. पाकिटात घालून टपालात टाकला की झालं. कशाला हवा ते भेटल्यावर सांगेन.

तुम्ही-तुम्ही लिहिताना बोटं अवघडतात. पण मागच्या खेपेला तूच म्हणाला होतास की धाकट्यांना मोठ्यांशी बोलायची रीत राहिली नाही, म्हणून रीत पाळतेय.

दया


दौंड, १५ फेब्रुवारी १९६३

दादा,

तुझं कार्ड मिळालं. पंधरा नव्या पैशांचं पाकीट परवडत नाही तर नाही, पण कार्डावर चार शब्द तरी लिहायचे. "दाखला कशाला? जामीन सोडून बोल." एवढंच. पोस्टमननं वाचलं, मग बबनरावांनी वाचलं, मग मला मिळालं.

बरं, आता रीत गेली खड्ड्यात. खरं सांगते.

जामीनच हवाय. इथल्या सहकारी बँकेत हजार रुपयांचं कर्ज मागितलंय. दोन जामीनदार लागतात. एक शेजारचे बबनराव, लोखंडी सामानवाले, ते बँकेचे जुने सभासद आहेत आणि ही बँकेची कल्पनाही त्यांचीच. दुसरा कायम पगाराचा माणूस पाहिजे. शलमोन चालत नाहीत, एक तर हंगामी आणि दुसरं म्हणजे एकाच घरातले. रेल्वेवाले कायम आहेत, पण मॅनेजर म्हणाले त्यांची बदली कधी होईल सांगता येत नाही. आणि त्यातले बहुतेक माझे उधारीवाले. जो मला देणं लागतो तो माझा जामीन कसा राहील? बँकेचं काम दौंड आणि शिरूर दोन्ही तालुक्यांत चालतं. शिरूर तालुक्यात कायम पगाराचा माझा माणूस एकच, आणि तो तू.

मला ठाऊक आहे तू काय म्हणणार. एकसष्टच्या नाताळात मी हेच विचारलं होतं आणि तू पंगतीत सगळ्यांसमोर म्हणालास, "आबांची गाय विसरलीस का?" मी म्हणाले, तुला गाय दिसते, बहीण दिसत नाही. मग मार्था वहिनीच्या हातातलं वाढणं तसंच राहिलं आणि मी मुलांना घेऊन शेवटच्या एसटीनं परत आले. ते मी मागे घेत नाही. पण तूही गाय विसरू नकोस. वडगाव रासाईला आबा शेजाऱ्याच्या विहिरीवरच्या इंजिनाच्या कर्जाला जामीन राहिले, शेजारी पळाला, आणि आपल्या दारातली गाय जप्तीत गेली. तू नऊ वर्षांचा होतास. शास्त्रातही जामिनाविरुद्ध लिहिलंय, हेही ठाऊक आहे. रविवारी मीही बाकावर बसते.

पण तू नाही म्हणालास त्यानंतर मी काय केलं ते तुला ठाऊक नाही. तेवढं ऐक.

दुकानात माल भरायला पैसे हवे होते. माझा धंदा म्हणजे असा: रेल्वेवाले महिनाभर वहीवर नेतात आणि पगाराला देतात. पुण्याचा व्यापारी मात्र रोख मागतो. मधले तीन आठवडे मी कुणाच्या जिवावर काढायचे? मग मी इथल्या सावकाराकडं, पोपटरावांकडं गेले. सहाशे घेतले. हातात पाचशेसत्तर आले, कारण पहिल्या दहा दिवसांचं व्याज त्यांनी आधीच कापलं. व्याज शंभराला रोज आठ आणे.

वाचताना तुला वाटलं असेल महिन्याला. नाही दादा, रोज. सहाशेचे रोज तीन रुपये. ते रोज दिवेलागणीला सायकलवर येतात, गुळाच्या ढेपेशेजारी बसतात, माझा चहा पितात, मुलांच्या अभ्यासाची चौकशी करतात आणि तीन रुपये घेऊन जातात. माणूस वाईट नाही, आवाज कधी चढवत नाही. आणि मुद्दल जसंच्या तसं. मी एकदा पन्नास देऊ केले, मुद्दलातनं कमी करा म्हणाले. ते म्हणाले, "न्हाई बाई, मुद्दल एकरकमी. हे पन्नास फुडच्या व्याजात धरतो."

महिन्याला नव्वद रुपये जातात. चौदा महिन्यांत बाराशेच्या वर दिले, आणि सहाशे अजून तिथंच बसलेत. दुकानात जे सुटतं ते त्यांचं. सायकलची घंटी वाजली की मी आधी गल्ला उघडते. दुपारी चारनंतर मी गिऱ्हाइकाकडं नीट बघत नाही, गल्ल्यात तीन रुपये जमले का तेवढं बघते. परवा एका पोरीला साबणाऐवजी काड्यापेटी दिली आणि वर तिलाच रागावले. शलमोन रात्री कूस बदलतात, मी झोपल्यासारखं करते आणि तेही झोपल्यासारखं करतात.

हे तुला सांगणार नव्हते. तू म्हणशील, बघ, मी सांगत होतो. म्हण.

पण दाखला पाठव.

दया


दौंड, २७ फेब्रुवारी १९६३

दादा,

तुझं काही आलं नाही. तरी लिहिते, कारण काल जे झालं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि इथं ज्याला त्याला ते आधीच माहीत आहे.

बँकेचे मॅनेजर माल बघायला आले होते. कर्जाला जामीन तर हवेतच, पण दुकानातला मालही नजरगहाण ठेवावा लागतो. म्हणजे माल आपल्याच दुकानात राहतो, आपणच विकायचा, भरायचा, फक्त बँकेचा त्याच्यावर हक्क, आणि महिन्याला किती माल आहे ते लिहून द्यायचं. विकत्या भावानं नाही, खरेदीच्या भावानं मोजतात, आणि त्याच्या शंभराला साठ एवढंच कर्ज मिळतं. उधारीवर गेलेला माल मोजत नाहीत.

हे सगळं मला नंतर कळलं. आधी मी काय केलं ते वाच, आणि हसायचं असेल तर शाळेत हसू नकोस.

पोपटरावांची मला सवय. ज्या दिवशी तीन रुपये जमत नाहीत त्या दिवशी मी फळ्या रिकाम्या करून ठेवते. साबणाची खोकी मागं, चहाचे डबे पोत्याखाली. म्हणजे ते बघतात की बाईकडं काहीच नाही, आणि चार आणे दंड लावून सकाळपर्यंत थांबतात. भरलेलं दुकान दिसलं की मात्र हलत नाहीत. तेव्हा सावकारापुढं गरीब दिसावं, हे माझ्या हाडात मुरलंय. मॅनेजर येणार म्हटल्यावर मी सकाळी उठून अर्धा माल बबनरावांच्या माजघरात नेऊन टाकला. शलमोन म्हणाले, "अगं, कशाला?" मी म्हणाले, तुम्हाला धंद्यातलं काय कळतं. दया आली तर जास्त देतील.

मॅनेजर आले. चष्मेवाले, किडकिडीत, बोलणं मऊ. फळ्यांकडं बघितलं, एकेक वस्तू लिहून घेतली. मी पदर डोक्यावर घेऊन, चेहरा पाडून उभी. त्यांनी बेरीज केली आणि म्हणाले, "बाई, खरेदीच्या भावानं हा आठशेचाळीसचा माल होतो. ह्यावर पाचशेच्या वर देता येणार नाही."

पाचशे. पोपटराव एकरकमी सहाशे मागतात. म्हणजे बँकेचं कर्ज घेऊनही पोपटराव आहेतच. आता सांगायचं कसं, की माल आहे पण लपवलाय? चोर समजले तर?

तेवढ्यात बबनरावांच्या अनसाबाई दारात आल्या. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. म्हणाल्या, "दयाबाई, ती तुमची खोकी आमच्या माजघरात कवर ठिवायची? आमच्या ह्यास्नी पाट मांडाया जागा न्हाई. आन् चहाच्या डब्यावर मांजर बसलंय."

मॅनेजरनी चष्मा काढला. मी खालीच बसले, खरंच बसले, आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "बाई, सावकाराला तुम्ही बुडालात तरी चालतं, व्याज चालू राहतं. बँकेला तुमचं दुकान भरलेलं लागतं. आम्हाला गरिबी दाखवू नका, माल दाखवा." आणि स्वतः उठून बबनरावांच्या माजघरात गेले. मांजर उठवलं, डबे मोजले. एकूण माल सतराशेचा भरला. हजार मिळतील.

पण माझं डोकं अजून ठिकाणावर नव्हतं. मी विचारलं व्याज कसं, तर म्हणाले शेकडा नऊ, रोजच्या बाकीवर मोजतो. रोजच्या म्हटल्यावर मी उभीच राहिले. म्हणाले, नको तुमचं कर्ज, रोजचा एक माणूस मला पुरे आहे. तेव्हा त्यांनी माझ्याच साबणाच्या कागदावर हिशेब करून दाखवला. नऊ रुपये शंभराला, पण वर्षाचे. हजाराचे वर्षाला नव्वद, म्हणजे रोजचे पंचवीस नवे पैसे. चार आणे, दादा. आणि मी सहाशेला तीन रुपये देतेय. मोजतात रोजच्या बाकीवर ते एवढ्यासाठी, की जेवढं मुद्दल फेडलं तेवढ्याचं व्याज त्या दिवसापासून बंद. महिन्याला पन्नास मुद्दलाचे आणि वर व्याज. पहिल्या महिन्याला साडेसात, पुढं उतरत जाणार. वीस महिन्यांत खलास. नव्वद देऊन मी चौदा महिने जागेवर उभी आहे, आणि इथं साडेसत्तावन्न देऊन बाहेर पडेन.

तो कागद मी फळीवर खिळ्याला लावलाय.

शंभर रुपये शेअरचे कापतील, कर्जाचा दहावा हिस्सा. मी विचारलं, म्हणजे तुम्हीही आधीच कापता? ते म्हणाले, हे तुमचेच राहतात, तुम्ही सभासद होता, वर्षाला लाभांश मिळतो. बबनरावांनी मान हलवली म्हणून मी विश्वास ठेवला.

आता कर्ज समितीची बैठक दहा मार्चला आहे. त्याच्या आत दुसऱ्या जामीनदारानं बँकेत येऊन मॅनेजरसमोर सही केली पाहिजे. नाही केली तर अर्ज परत, आणि पुढची बैठक एप्रिलात. तोपर्यंत पोपटरावांना आणखी नव्वद.

दादा, मी पळणार नाही. दुकान उचलून कुठं पळू? गुळाच्या ढेपा घेऊन? तुझी भीती मला कळते. गाय नेली तेव्हा आबांनी एक शब्द काढला नाही, आणि तू दोरी धरून ओढ्यापर्यंत गेलास, ते मी लहान होते तरी मला आठवतं. पण मी आबांचा शेजारी नाही. मी तुझी दया आहे. मला भीती वाटते, आणि ती मी तुझ्याशिवाय कुणाला सांगत नाही.

दया


दौंड, १२ मार्च १९६३

प्रिय दादा,

आलास, सही केलीस आणि जेवायला न थांबता गेलास. मटण केलं होतं. शलमोननी रनिंग रूममधून मसाला आणला होता. ते पाचच्या पाच वाट्या खाऊन दोन दिवस पोट धरून बसले आणि तुलाच दोष देत राहिले.

बँकेत तू मॅनेजरना सगळा फॉर्म मोठ्यानं वाचायला लावलास. चारही पानं. शिपाई चहा घेऊन उभा, आणि तू विचारतोयस, कर्जदारानं हप्ता चुकवला तर जामीनदाराला कधी कळवता? ते म्हणाले लगेच, कार्ड टाकतो. तू म्हणालास, जरूर टाका. मग सही करण्याआधी तू टाक दोनदा पुसलास. मी बघितलं, पण बबनरावांशी बोलत असल्यासारखं केलं.

तू गेल्यावर जे झालं ते सांगते.

परवा समितीनं मंजूर केलं, आणि काल पैसे मिळाले. शेअरचे शंभर कापून नऊशे. मॅनेजरनी बजावलं होतं: सावकाराला पैसे देताना साक्षीदार न्या, आणि कर्ज घेताना आपण लिहून दिलेली हातचिठ्ठी परत हातात आल्याशिवाय पैसे सोडू नका. सावकारानं पावती द्यायची असा कायदाच आहे, हेही सांगितलं. बबनरावांना घेऊन पोपटरावांकडं गेले. दुपारी, तेही पहिल्यांदाच त्यांच्या दारात. ते चकित झाले. चहा मांडला. मी म्हणाले, आज तुमचा चहा पिते, माझा चौदा महिने प्यालात.

सहाशे समोर ठेवले, वर तीन दिवसांचे राहिलेले नऊ. त्यांनी मोजले आणि म्हणाले, "बरं झालं बाई. पर चिठ्ठी कपाटात हाय, किल्ली मंडळीकडं हाय, मंडळी म्हायेरी गेल्यात. उद्या या." बबनराव म्हणाले, "मग पैसं बी उद्याच. आन् आजपासनं व्याज न्हाई, आमी देऊ केलं तुमी घेतलं न्हाई." एवढं म्हटल्यावर किल्ली त्यांच्याच कोपरीत निघाली. चिठ्ठी आली. दहा पैशांच्या महसुली तिकिटावर पावती लिहून घेतली. चिठ्ठी मी तिथंच फाडणार होते, पण बबनराव म्हणाले बँकेला दाखवायचीय, कर्ज कशाला घेतलं ते त्यांनी लिहून ठेवलंय. म्हणून फक्त आडवी रेघ मारून घेतली.

निघताना पोपटराव म्हणाले, "बाई, रोज यायची सवय लागली व्हती. पोरांचा अभ्यास नीट करून घ्या." मला वाटलं राग येईल, तर हसूच आलं.

संध्याकाळी मी दुकानात बसले. कुणी आलं नाही. म्हणजे गिऱ्हाइकं आली, बरीच आली. मी सगळ्यांशी बोलले. एका बाईकडं तिच्या सुनेची चौकशी केली, ती म्हणाली, "दयाबाई, आज बरं वाटत न्हाई का तुमास्नी?" रात्री दुकान लावून घरी गेले आणि सकाळी उठले. मधलं काही आठवत नाही. शलमोन म्हणतात मी घोरत होते. घोरेन. नऊ तास झोपले, दादा.

मॅनेजरनी एक पाटी दिलीय, ह्या दुकानातला माल बँकेकडं नजरगहाण आहे अशी. आधी लाज वाटली. शलमोननी तिच्या चारी बाजूंनी निळा रंग लावला, आता बरी दिसते. गिऱ्हाइकांना वाटतं बँकेनं मला कसलं तरी प्रमाणपत्र दिलंय. मी कुणाची चूक दुरुस्त करत नाही.

जेवला नाहीस हे मात्र मी लक्षात ठेवलंय.

तुझी दया


दौंड, २० जुलै १९६३

प्रिय दादा,

तुझी सगळी कार्डं मिळाली. चार महिन्यांत सोळा. चौदा महिने एक नाही आणि आता दर आठवड्याला. आणि सगळ्यांवर तेच: हप्ता भरला का, पावती घेतली का, पाऊस कसा आहे. मला आता शांत झोप लागते आणि तुझी उडालीय, असं मार्था वहिनीनं लिहिलंय. तू रात्री उठून माझ्या हप्त्याची बेरीज करतोस म्हणे.

तर ऐक. एप्रिलात सत्तावन्न रुपये पन्नास भरले. मेमध्ये सत्तावन्न बारा. जूनमध्ये छप्पन्न पंचाहत्तर. जुलैत छप्पन्न सदतीस. सगळे दहा तारखेच्या आत. आठशे राहिलेत. बघ, दर महिन्याला सदतीस-अडतीस नवे पैसे उतरतात. फार नाहीत, पण उतरतात. एवढी वर्षं मी पैसा वर चढतानाच बघितला होता.

दुकान खरंच छान चाललंय. पहिल्या पत्रात लिहिलं होतं ते खोटं होतं, हे खरं आहे. हाती रोख राहते म्हणून पुण्याहून साबण पेटीनं आणते, तो स्वस्त पडतो. जूनमध्ये शाळेच्या वह्याही ठेवल्या.

मला जरा कणकण आहे, पावसाची. काळजीचं काही नाही. ऑगस्टचा हप्ता वेळेवर भरीन.

झोप रे बाबा आता.

दया


दौंड, २ सप्टेंबर १९६३

प्रिय दादा,

तू गेल्या आठवड्यात गेलास आणि काल मी पहिल्यांदा सगळं शांतपणे आठवलं. म्हणून लिहिते. तोंडावर बोलले असते तर तू टोपी घालून उठला असतास.

कणकण नव्हती, मलेरिया होता. तीन आठवडे दुकान बंद. उधारी गोळा करायला कुणी नाही, शलमोन मागायला गेले की स्वतःच चार आणे देऊन येतात. दहा ऑगस्ट गेली. मी तुला लिहिलं नाही. वाटलं, पंधरा तारखेपर्यंत काहीतरी करीन, दादाला कशाला सांगू. आणि मॅनेजरनी, जसं ठरलं होतं तसं, तुला कार्ड टाकलं.

बावीस तारखेला खिडकीतून तुला न्हावऱ्यावरून येणाऱ्या एसटीतून उतरताना बघितलं तेव्हा मी अंथरुणात होते आणि मनात म्हणाले, आलं. आता गाय. मी भिंतीकडं तोंड केलं. तू आत आलास, माझ्या कपाळाला हात लावलास आणि विचारलंस, "उधारीची वही कुठंय?" बस. एक शब्द जास्त नाही.

मग दोन दिवस काय झालं ते मला अनसाबाईंनी सांगितलं. काळा कोट, टोपी, छत्री आणि काखेत वही घेऊन तू क्वार्टर्समध्ये दारोदार गेलास. लोकांना वाटलं नवे पाळकसाहेब आलेत. एका फायरमनच्या घरात तर सगळी उभी राहिली आणि चादर अंथरली. तू म्हणालास, "मी दयाबाईंचा भाऊ. त्यांना जामीन आहे. तुमच्याकडं सहा रुपये चाळीस आहेत." आणि दारातच उभा राहिलास, वर्गात उत्तराची वाट बघत उभा राहतोस तसा. अनसाबाई म्हणतात, "त्यास्नी बघून लोकांनी गादीखालनं बी पैसं काढलं." चौऱ्याऐंशी रुपये जमा केलेस. मी कधी दोन दिवसांत एवढी उधारी वसूल केली नव्हती.

हप्ता भरलास, उशिराचं व्याज भरलंस. मॅनेजर मला नंतर म्हणाले, जामीनदार आपल्या खिशातनं भरतो हे आम्ही बघतो, पण कर्जदाराची वसुली करून भरणारा पहिलाच बघितला.

आणि एक गोष्ट अनसाबाईंनी अडखळत सांगितली. त्यांनी तुला विचारलं होतं, एवढ्या लांबनं आजारी बहिणीसाठी आलात, तुमच्या शाळेचं काय? तू म्हणालास, आमची गाय नेली त्या दिवशी आमच्या दारात कुणी आलं नव्हतं. आबा एकटे बसले होते.

दादा, इतकी वर्षं मला वाटत होतं तू जामिनाला भितोस.

मी ते ऐकून खूप रडले. मग उठून आंघोळ केली आणि दुकान उघडलं. ताप गेलाय, अंगात जोर थोडा कमी आहे, आवाज पूर्ण आहे. शलमोननी वजनं पुसून ठेवली होती. सकाळपासून तीन जण विचारून गेले, ते छत्रीवाले साहेब परत कधी येणार, आणि विचारताना पैसे देऊन गेले. आता मी कुणाचीही उधारी एका पगाराच्या पुढं वहीवर राहू देणार नाही. हा नियम तू जाताना लिहून ठेवलास, तुझ्या त्या फळ्यावरच्या अक्षरात, तो मी पाटीच्या खाली चिकटवलाय.

सप्टेंबरचा हप्ता मी आजच भरला, आठ दिवस आधी. पंचावन्न बासष्ट. पावती सोबत पाठवतेय, नीट जपून ठेव आणि आता रात्री उठू नकोस. सातशे राहिलेत, आणि ते मी हसत फेडीन.

मार्था वहिनीला घेऊन पुढच्या रविवारी ये. हप्ता चुकलेला नाही, तापही नाही, बँकेचं कार्डही येणार नाही. यायला कारण काही उरलेलं नाही. तरी ये.

तुझी दया